छापलेलं टेदर आणि आत आलेला पैसा

प्रश्न: "टेलिग्रामवर रोज मेसेज येतात, 'टेदरने अजून १ अब्ज छापले, पैसा येतोय, तयार राहा'. स्टेबलकॉइनचा एकूण पुरवठा वाढला म्हणजे क्रिप्टोत नवा पैसा आला, असं खरंच धरता येतं का? मी दर महिन्याला पगारातून थोडे पैसे बिटकॉइनमध्ये टाकतो. हा आकडा बघून रक्कम कमी-जास्त करावी का?"

आधी एक गाठ सोडवतो, कारण बहुतेकांचा घोटाळा तिथेच होतो. स्टेबलकॉइन म्हणजे एक टोकन एक डॉलर असा भाव धरून ठेवणारं नाणं. हा आकडा सांगतो की किती डॉलर टोकनच्या रूपात येऊन बसले आहेत. तुम्हाला जाणून घ्यायचंय की त्यातले किती बिटकॉइन किंवा दुसरं काही विकत घ्यायला आले आहेत. या दोन गोष्टी कधी हातात हात घालून चालतात, तर कधी अगदी उलट दिशेला जातात. मी एका छोट्या ट्रेडिंग डेस्कवर काम करतो. दर सोमवारी सकाळी माझ्या शीटमध्ये या पुरवठ्याचा आकडा भरला जातो, म्हणजे मी तो टाकाऊ मानत नाही. पण तो कधी खरा बोलतो आणि कधी फसवतो, हे ओळखायला मला बराच काळ लागला.

सुरुवात करू या यूएसडीटी, म्हणजे टेदर कंपनीचं टोकन, जन्माला कसं येतं इथून. तुम्ही-आम्ही एक्स्चेंजवर यूएसडीटी घेतो तेव्हा ते नव्याने तयार होत नाही. ते कुणाच्या तरी खिशातून आपल्या खिशात येतं. नवं टोकन फक्त कंपनीच्या दारात तयार होतं, आणि त्या दारात मोठे व्यापारीच उभे असतात. टेदरकडे थेट खरेदी-विक्री करायची तर किमान रक्कमच १ लाख डॉलर आहे, शिवाय कागदपत्रांची तपासणी. एखादा मार्केट मेकर बँकेतून टेदरला डॉलर पाठवतो, टेदर तेवढीच टोकनं त्याच्या वॉलेटमध्ये टाकतं, आणि तो ती एक्स्चेंजवर नेतो. उलट दिशेने टोकनं परत केली की डॉलर मिळतात आणि ती टोकनं चलनातून बाद होतात. सर्कल या दुसऱ्या कंपनीच्या यूएसडीसीचंही तत्त्व हेच.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, कुणी बिटकॉइन विकून यूएसडीटी घेतलं तर एकूण पुरवठ्यात एका पैशाचाही फरक पडत नाही. विकणाऱ्याला यूएसडीटी मिळालं ते घेणाऱ्याकडचंच होतं. म्हणून "लोकांनी बिटकॉइन विकलं, त्यामुळे स्टेबलकॉइन वाढलं" हे वाक्य सरळसोट अर्थाने चूक आहे. दुसरी गोष्ट तुमच्या जवळची. तुम्ही पीटूपीवर, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाकडून, यूपीआयने रुपये देऊन यूएसडीटी घेता तेव्हाही हेच होतं. तुमचा पगारातला पैसा क्रिप्टोत आला हे खरं, पण समोरचा माणूस तेवढाच रुपयांत बाहेर पडला. पुरवठ्याच्या आलेखावर तुमची खूण उमटत नाही. तिथे उमटतो तो फक्त कंपनीच्या दारात झालेला निव्वळ व्यवहार.

आता टेलिग्रामवरचा तो मेसेज. मूळ सूचना अशी असते: `1,000,000,000 USDT minted at Tether Treasury`. यातले शेवटचे दोन शब्द नीट वाचा. टोकनं तयार झाली, पण ती टेदरच्या स्वतःच्या तिजोरीत आहेत. कंपनी हे आगाऊ करून ठेवते. बँक छापखान्यातून नोटांची बंडलं आणून तिजोरीत ठेवते, तसंच. गिऱ्हाइकाने डॉलर दिले की त्यातली टोकनं बाहेर जातात. टेदरच्या पारदर्शकतेच्या पानावर 'मंजूर पण न दिलेली' टोकनं वेगळी दाखवलेली असतात. दुसरं असं की यूएसडीटी ट्रॉनवर आहे, इथेरियमवर आहे, आणखी बऱ्याच ब्लॉकचेन साखळ्यांवर आहे. एखाद्या एक्स्चेंजला ट्रॉनवरची टोकनं इथेरियमवर हवी असली तर टेदर एकीकडे टोकनं काढून घेतं आणि दुसरीकडे देतं. त्या दिवशी इथेरियमवर भलीमोठी छपाई दिसते आणि एकूण पुरवठा होता तिथेच असतो. त्यामुळे एकेका छपाईची सूचना मी बघतच नाही. मी बघतो तो चलनात असलेला आकडा, आणि तोही ३० दिवसांत किती हलला तेवढाच.

हे सगळं कळूनही मी एकदा चांगला आपटलो. तो प्रसंग सविस्तर सांगतो, कारण या आकड्यातला सगळ्यात मोठा सापळा त्यात आहे.

२०२३ च्या फेब्रुवारीच्या मध्यात तीन मोठी नाणी होती. यूएसडीटी सुमारे ६८ अब्ज डॉलर, यूएसडीसी सुमारे ४१ अब्ज, आणि बायनान्सच्या नावाचं बीयूएसडी सुमारे १६ अब्ज. मिळून साधारण १२५ अब्ज. १३ फेब्रुवारीला न्यूयॉर्कच्या वित्त नियामकाने बीयूएसडी काढणाऱ्या पॅक्सॉस कंपनीला नवी टोकनं काढायला मनाई केली. बीयूएसडी तिथपासून फक्त कमीच होत जाणार हे ठरलं. मग १० मार्चला सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, आणि त्याच रात्री कळलं की यूएसडीसीच्या राखीव पैशांपैकी ३.३ अब्ज डॉलर त्या बँकेत अडकले आहेत. दिवस शुक्रवारचा. शनिवार-रविवार बँका बंद, म्हणजे यूएसडीसी परत करून डॉलर घेण्याची वाटही बंद. शनिवारी यूएसडीसी ८८ सेंटच्या आसपास घसरलेलं मी स्वतः स्क्रीनवर पाहिलं. रविवारी संध्याकाळी अमेरिकी सरकारने ठेवीदारांचे सगळे पैसे मिळतील असं जाहीर केलं आणि सोमवारी भाव पुन्हा डॉलरला टेकला. पण लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच.

पुढचे तीन महिने लोक यूएसडीसी आणि बीयूएसडी सोडून यूएसडीटीकडे जात राहिले. जूनच्या मध्यात यूएसडीटी ८३ अब्जांच्या पुढे गेलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर तोच आलेख होता, चार महिन्यांत १५ अब्जांची वाढ. मी मनाशी म्हटलं, पैसा आत येतोय. आणि एप्रिल-मे महिन्यांत छोटी नाणी, म्हणजे ऑल्टकॉइन, नेहमीपेक्षा जास्त घेतली.

बेरीज मी केलीच नव्हती. जूनच्या मध्यात यूएसडीसी सुमारे २८ अब्जांवर आणि बीयूएसडी चार-साडेचार अब्जांवर आलं होतं. तिन्ही मिळून ११५ ते ११६ अब्ज. म्हणजे ज्या काळात मला पैसा आत येताना दिसत होता, त्या काळात ९ ते १० अब्ज डॉलर बाहेर पडले होते. यूएसडीटीत आलेले डॉलर जुनेच होते, फक्त एका दारातून निघून शेजारच्या दारात शिरत होते, आणि मी शेजारच्या दाराशी उभं राहून माणसं मोजत होतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने आधी बायनान्सवर आणि दुसऱ्या दिवशी कॉइनबेसवर खटला भरला, तेव्हा ती छोटी नाणी सावरायला खाली कुणी खरेदीदारच नव्हता. माझ्या डेस्कला तो महिना महागात पडला. त्या दिवसापासून एकट्या नाण्याचा आलेख मी कशाचाही पुरावा मानत नाही.

याच वर्षात दुसरा धडाही आहे, आणि तो पहिल्याच्या विरुद्ध बाजूने जातो. एकूण पुरवठा २०२३ मध्ये ऑक्टोबरच्या सुमारापर्यंत घसरत होता. तरीही बिटकॉइन जानेवारीतल्या साडेसोळा हजार डॉलरवरून डिसेंबरअखेर ४२ हजारांच्या आसपास पोहोचलं. पुरवठा घटतोय म्हणून जो बाहेर बसला, तो त्या वर्षी चुकला. मग पुरवठा घटत का होता? मोठं कारण अमेरिकेतला व्याजदर. त्या वर्षी अमेरिकी सरकारच्या तीन महिन्यांच्या रोख्यांवर ५ टक्क्यांच्या वर व्याज मिळत होतं. यूएसडीटी किंवा यूएसडीसी नुसतं हातात धरून ठेवलं तर शून्य. ज्याच्याकडे १० लाख डॉलरचं टोकन रिकामं पडून होतं, त्याचे वर्षाला ५० हजार डॉलर बुडत होते. असा माणूस टोकन परत करतो, डॉलर घेतो आणि रोखे विकत घेतो. क्रिप्टोवरचा विश्वास उडालाय म्हणून तो जात नाही. त्याचा पैसा आधीही बिटकॉइनमध्ये नव्हता आणि नंतरही नाही, त्यामुळे भावावर त्याच्या जाण्याचा फारसा परिणाम झाला नाही. म्हणून पुरवठ्याचा आकडा वाचताना मी अमेरिकी व्याजदर शेजारच्याच रकान्यात ठेवतो. दर चढे असतानाही पुरवठा वाढत असेल तर त्या वाढीला माझ्या लेखी जास्त वजन आहे, कारण लोक व्याज सोडून टोकन घेत आहेत.

आता जरा खोलात जाऊ. पुरवठा वाढला, तिन्ही-चारी नाण्यांची बेरीजही वाढली, तरीसुद्धा नवा पैसा आलेला नसू शकतो. हे कसं, ते बघा.

१२ मार्च २०२० ला, कोरोनाच्या धास्तीत, बिटकॉइन एका दिवसात जवळजवळ निम्म्यावर आलं. त्यानंतरच्या आठवड्यांत यूएसडीटीचा पुरवठा झपाट्याने वाढला. साडेचार अब्जांच्या आसपास होता, तो एप्रिलमध्ये सहा अब्जांच्या पुढे गेला. घबराटीत नवा पैसा कोण आणणार? झालं असं की ज्या एक्स्चेंजवर डॉलर ठेवण्याची सोयच नाही, तिथल्या लोकांना बिटकॉइन सोडून डॉलरसारखं काहीतरी हवं होतं. सगळेच यूएसडीटी मागू लागले, त्यामुळे त्याचा भाव डॉलरच्या वर चढला. आणि जिथे एका वस्तूचे दोन भाव असतात तिथे व्यापारी पोहोचतोच.

समजायला सोपे आकडे घेऊ, हे माझे कल्पित आहेत. यूएसडीटीचा भाव १.०१ डॉलर आहे. डॉलरमध्ये व्यवहार होतो त्या एक्स्चेंजवर बिटकॉइन ६,००० डॉलरला आहे, म्हणजे यूएसडीटीच्या एक्स्चेंजवर ते साधारण ५,९४० यूएसडीटीला मिळेल. मार्केट मेकर टेदरला १० लाख डॉलर पाठवतो आणि १० लाख यूएसडीटी घेतो. त्यातून यूएसडीटीच्या एक्स्चेंजवर १६८.३५ बिटकॉइन घेतो, आणि तीच डॉलरच्या एक्स्चेंजवर ६,००० ने विकून सुमारे १०,१०,१०० डॉलर बँकेत परत आणतो. शुल्क वजा जाता दहा हजारांच्या आसपास त्याचा फायदा. आता हिशोब मांडा. टेदरच्या दारातून १० लाख डॉलर आत आले, त्यामुळे पुरवठ्याच्या आलेखावर १० लाखांची वाढ दिसली. पण डॉलरच्या एक्स्चेंजच्या दारातून तेवढेच, किंबहुना थोडे जास्तच, डॉलर बाहेर गेले. ते कुठल्याच स्टेबलकॉइनच्या आलेखावर दिसत नाहीत. एकूण नवा पैसा शून्य. बदललं ते इतकंच, की बिटकॉइन एका जागेहून दुसऱ्या जागी गेलं आणि आसरा शोधणाऱ्यांच्या हातात यूएसडीटी आलं.

म्हणून आधी मी म्हटलं की "बिटकॉइन विकलं म्हणून स्टेबलकॉइन वाढलं" हे सरळसोट अर्थाने चूक आहे. आडवळणाने, या व्यापाऱ्याच्या हातून, ते घडू शकतं. ओळखायचं कसं? पुरवठा वाढत असताना यूएसडीटीचा भाव डॉलरच्या किंचित वर आणि बिटकॉइनचा भाव पडता, असं जुळून आलं तर ती वाढ आसऱ्याची समजा. भाव डॉलरला चिकटलेला किंवा किंचित वर, आणि बिटकॉइन स्थिर किंवा चढतं, तर ती वाढ खरेदीची असण्याची शक्यता जास्त. इथे "शक्यता" हा शब्द मी जाणूनबुजून वापरतोय, कारण खात्रीचं लक्षण कुठलंच नाही.

आपल्याकडे रुपयात यूएसडीटीचा भाव बँकेच्या डॉलर दराच्या वर असतो, हे तुम्ही पाहिलं असेलच. तो फरक या कामात धरू नका. त्यात इथले कर, टीडीएस, पीटूपीत बँक खातं गोठण्याची भीती, रुपये बाहेर नेण्यावरचे निर्बंध असं बरंच मिसळलेलं असतं. मी म्हणतोय तो फरक मोठ्या एक्स्चेंजवर यूएसडीटी आणि अमेरिकी डॉलर यांच्या थेट जोडीतला, आणि तो एरवी सेंटच्या दहाव्या हिश्श्याइतका बारीक असतो.

बेरजेत कोणती नाणी घ्यायची, हाही साधा वाटणारा पण निकाल फिरवणारा प्रश्न आहे. तयार आलेखांमध्ये सगळीच नाणी एकत्र मोजलेली असतात. २०२२ च्या वसंतात एकूण पुरवठा १८० अब्जांच्या वर गेला होता आणि लोक खूश होते. त्यात टेराचं यूएसटी होतं, जानेवारीतल्या सुमारे १० अब्जांवरून मेच्या सुरुवातीला १८ अब्जांवर गेलेलं. पण यूएसटी तयार व्हायला कुठल्याही बँकेत डॉलर जमा करावे लागत नव्हते. एक डॉलर किमतीचं लुना, म्हणजे टेराचंच दुसरं नाणं, जाळलं की एक यूएसटी मिळे. लुनाचा भाव चढला की तेवढ्याच लुनातून जास्त यूएसटी निघे. म्हणजे बाजारातल्याच भावफुगवट्याला डॉलरचं लेबल लागत होतं, आणि आपण ते लेबल नव्या पैशाच्या खात्यात मांडत होतो. ९ मेपासून ते कोसळलं आणि काही दिवसांत १८ अब्ज आलेखावरून पुसले गेले. त्याच वेळी यूएसडीटी ८३ अब्जांवरून जुलैपर्यंत ६६ अब्जांपर्यंत उतरलं. आलेखावर हे दोन उतार सारखेच दिसतात, दोन्ही १६ ते १८ अब्जांचे. पण यूएसटीच्या उतारात कंपनीच्या दारातून एकही डॉलर बाहेर गेला नाही, तिथे लोकांची संपत्ती जागच्या जागी नाहीशी झाली. यूएसडीटीच्या उतारात टेदरने खरोखर तेवढे डॉलर मोजून परत दिले. पैसा बाहेर गेला म्हणायचं ते फक्त याला.

या कारणासाठी मी फक्त बँकेतल्या डॉलरवर किंवा सरकारी रोख्यांवर उभी असलेली नाणी मोजतो. डाय वगळतो, कारण ते दुसरं क्रिप्टो किंवा यूएसडीसी गहाण ठेवून निघतं, आणि त्यातला यूएसडीसीचा वाटा दोनदा मोजला जातो. इथेनाचं यूएसडीई वगळतो, कारण ते क्रिप्टो धरून वायद्यात उलटी विक्री करून उभं राहतं. वायदे बाजारात उधारीवर खेळणारे वाढले की त्याची कमाई वाढते आणि त्याचा पुरवठाही. तो आकडा उधारीचा ताप मोजायला चांगला आहे, पण त्यासाठी त्याचा रकाना वेगळा हवा.

आणि काही पैसा असा असतो जो या दाराजवळून जातच नाही. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत बिटकॉइनचे स्पॉट ईटीएफ सुरू झाले. पहिल्या वर्षात त्यांत निव्वळ सुमारे ३५ अब्ज डॉलर आले. एखादा निवृत्त शिक्षक ब्रोकरच्या खात्यातून ईटीएफ घेतो, फंड त्या डॉलरनी बिटकॉइन घेऊन कस्टडीत ठेवतो, यात स्टेबलकॉइन कुठेच नाही. दक्षिण कोरियात लोक थेट वॉनमध्ये नाणी घेतात, तेही तसंच. २०२० किंवा २०२१ मध्ये स्टेबलकॉइनचा पुरवठा नव्या पैशाचा बऱ्यापैकी मोठा भाग दाखवायचा. २०२४ पासून तो अनेक दारांपैकी एक झाला. जुने आलेख आणि जुने नियम आजच्या आकड्यांना जसेच्या तसे लावले की फसगत होते.

उलट बाजूनेही तसंच. तुर्कस्तान, अर्जेंटिना, नायजेरिया इथे लोक स्वतःच्या चलनाची घसरण टाळायला यूएसडीटी घरातल्या सोन्यासारखं धरून ठेवतात, आणि परदेशातल्या नातेवाइकाला पैसे पाठवायला, माल मागवायला वापरतात. त्यातलं बरंचसं ट्रॉनवर असतं, कारण तिथे पाठवणं इथेरियमपेक्षा बराच काळ स्वस्त पडत आलं आहे. हे डॉलर नवे आहेत, खरे आहेत, पण ते बिटकॉइन घ्यायला आलेले नाहीत. २०२५ च्या जुलैत अमेरिकेत स्टेबलकॉइनसाठी कायदा झाल्यावर पेमेंटसाठीचा वापर आणखी वाढतोय. म्हणजे पुरवठ्यातल्या प्रत्येक शंभर नव्या डॉलरपैकी भावाशी संबंध असलेले डॉलर दिवसेंदिवस कमी होत आहेत, असं माझं मत आहे.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाच्या जवळ येऊ, म्हणजे हा आकडा भावाच्या पुढे चालतो की मागे. नोव्हेंबर २०२४ घ्या. अमेरिकी निवडणुकीच्या दिवशी बिटकॉइन ६९ हजारांच्या आसपास होतं आणि यूएसडीटी सुमारे १२० अब्ज. ५ डिसेंबरला बिटकॉइनने १ लाख डॉलर ओलांडले. यूएसडीटी डिसेंबरअखेर १३८ अब्जांच्या आसपास. पण आठवडावार बघितलं तर आधी भावाने उडी घेतली आणि मोठी छपाई त्याच आठवड्यांत आणि नंतर झाली. लोकांनी भाव चढताना पाहिला, मग पैसे आणले. पुढे २०२५ च्या पहिल्या तिमाहीत एकूण पुरवठा वाढतच होता, सुमारे २०५ अब्जांवरून २३० अब्जांच्या वर. त्याच काळात बिटकॉइन २० जानेवारीच्या १ लाख ९ हजारांवरून एप्रिलच्या सुरुवातीला ७५ हजारांपर्यंत उतरलं. पुरवठा वाढतोय म्हणून जानेवारीत रक्कम दुप्पट केली असती, तर तीन महिने तोट्यात बसावं लागलं असतं. माझ्या अनुभवात हा आकडा भावाच्या सोबत चालतो किंवा एक पाऊल मागे. तो भविष्य सांगत नाही.

मग मी तो ठेवतो कशासाठी? चढत्या भावाची तब्येत बघायला. भाव चढतोय, ईटीएफमध्ये निव्वळ पैसा येतोय आणि यूएसडीटी-यूएसडीसीची बेरीजही वाढतेय, तर चढण्यामागे रोख पैसा आहे. भाव चढतोय, पण ही दोन्ही दारं कोरडी आहेत आणि वायद्यातली उधारी मात्र फुगतेय, तर मी डेस्कवरचा उधारीचा भाग कमी करतो. पडताना उलटं बघतो. भाव पडतोय पण बेरीज टिकून आहे, तर लोक बाजाराच्या अंगणातच थांबलेत. बेरीज आठवड्यामागून आठवडा घटतेय, तर ते घरी निघालेत, आणि मग उतार लांबतो. २०२२ च्या मे ते जुलैमध्ये हे फार स्पष्ट दिसलं होतं.

बेरीज स्वतः करायची असेल तर डेफिलामा या साइटचे आकडे फुकट मिळतात. हा तुकडा यूएसडीटी आणि यूएसडीसी यांच्या चलनातल्या पुरवठ्याचा ३० दिवसांतला फरक अब्ज डॉलरमध्ये आणि टक्क्यांत देतो:

```python
import requests
U = "https://stablecoins.llama.fi/stablecoincharts/all?stablecoin="

def ser(i):
    return {int(r["date"]): r["totalCirculating"]["peggedUSD"]
            for r in requests.get(U + str(i)).json()}

t, c = ser(1), ser(2)      # 1 = USDT, 2 = USDC
d = sorted(set(t) & set(c))
s = [t[x] + c[x] for x in d]
diff = s[-1] - s[-31]
print(round(diff / 1e9, 2), round(100 * diff / s[-31], 2))
```

टक्केवारी महत्त्वाची. २०२१ च्या सुरुवातीला सगळ्या स्टेबलकॉइनचा मिळून पुरवठा ३० अब्जांच्या आत होता. तेव्हा महिन्यात ५ अब्ज वाढणं म्हणजे पूर आला होता. पुरवठा ३०० अब्जांच्या घरात गेल्यावर तेच ५ अब्ज दोन टक्क्यांच्या आत बसतात. टेलिग्रामवरच्या "१ अब्ज छापले" मध्ये हा फरक कधीच नसतो. महिन्याला एक टक्क्याच्या आतला बदल मी नुसता आवाज समजतो. तीन टक्क्यांच्या वर सलग दोन महिने गेला, वर किंवा खाली, तरच वर सांगितलेले बाकीचे रकाने उघडून बसतो. हे आकडे माझ्या अंदाजाने ठरवलेले आहेत, तुमचे वेगळे असू शकतात.

तुमच्या मासिक रकमेबद्दल स्पष्ट सांगतो: या आकड्यावरून ती हलवू नका. तुम्ही दर महिन्याला घेता, उधारी वापरत नाही, आणि हा आकडा भावाच्या पुढे चालत नाही, मग तो तुम्हाला खरेदीची चांगली तारीख देऊ शकणार नाही. आणि यावरून विकायला गेलात तर भारतात फायद्यावर सरळ ३० टक्के कर आहे, एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या फायद्यातून वजा होत नाही, आणि विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो तो वेगळा. इतका खर्च भरून काढण्याएवढी अचूकता या आकड्यात मला कधी दिसली नाही. तुम्ही ऑल्टकॉइन किंवा वायद्यांत जायचा विचार करत असाल तर मात्र वरचा तुकडा आठवड्यातून एकदा चालवा. सोमवारी नको, मंगळवारी किंवा बुधवारी बघा. शनिवार-रविवारी बँका बंद असतात, त्यामुळे परत केलेल्या टोकनांचा बराचसा हिशोब सोमवारी अमेरिकी बँका उघडल्यावरच उतरतो, आणि आपल्याकडे तेव्हा संध्याकाळ झालेली असते. माझी सोमवारची नोंद मी म्हणूनच पेन्सिलीची समजतो आणि बुधवारी पक्की करतो.